अश्वगंधा: मूळ कधी उपटायचं, कसं वाळवायचं आणि लॅबचा आकडा दरवेळी वेगळा का येतो

अश्वगंधा लावणाऱ्या आपल्या खान्देशातल्या बऱ्याच लोकांची गडबड पेरणीत नाही होत, ती होते शेवटच्या दीड महिन्यात. पीक उभं असतं तोवर काही टेन्शन नसतं, ढोरं तोंड लावत नाहीत, पाणी फार मागत नाही. पण कधी उपटायचं, वाळलं हे कसं ओळखायचं आणि माल कोणाला द्यायचा, या तीन गोष्टींवरच सगळे पैसे अडकलेले असतात. म्हणून पेरणीचं थोडक्यात सांगतो आणि पुढचं जरा सविस्तर.

जमीन हलकी पाहिजे, पाणी निचरून जाणारी. तापीकाठची केळीची भारी काळी जमीन यासाठी नको. तिथे झाड दिसायला झकास येतं पण मुळाला फाटे फुटतात, पाणी साचलं तर सडतं, आणि उपटताना अर्धं मूळ ढेकळातच राहतं. चोपडा, यावल, शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला जी मुरमाड जमीन आहे, ज्यात कापूस धड येत नाही, ती याला चालते. मूग निघाला की त्याच्या बेवडावर ऑगस्टच्या शेवटी पेरा. फेकून पेरायचं तर एकरी ४ ते ५ किलो बी, वाळूत मिसळून, कारण बी फार बारीक असतं. बी त्याच वर्षीचं घ्या, जुनं नीट उगवत नाही. महिन्याभरात विरळणी करा आणि युरियाचा मोह टाळा, युरियाने पाला वाढतो आणि आपल्याला तर मूळ विकायचंय. जवाहर असगंध-२०, जवाहर असगंध-१३४, पोषिता हे वाण चालतात, पण एका शेतात एकच वाण ठेवा. का ते पुढे येईल.

उपटायचं कधी

पुस्तकात लिहिलेलं असतं १५० ते १८० दिवस, खालची पानं पिवळी पडून वाळायला लागली आणि फळं लाल झाली की काढा. हे खरंय, पण १५० आणि १८० मध्ये महिन्याचा फरक आहे आणि आपल्याकडे फेब्रुवारीत ऊन एकदम चढतं, मग पाण्याचा ताण बसूनही पानं पिवळी पडतात. मी पहिल्या वर्षी पिवळा पाला बघून घाई करत होतो तर शेजारचे आबा म्हटले, "पाला काय दखस भो, मूय दख!" तेव्हापासून मूळच बघतो.

कसं बघायचं, तर १३५ दिवस झाले की दर १५ दिवसांनी शेताच्या चार कोपऱ्यातून आणि मधून चार-चार अशी २० झाडं उपटा. चांगली-वाईट निवडू नका, हाताला लागेल ते घ्या. मूळ धुवा, पुसा, खडखडीत वाळवा आणि किचनच्या वजनकाट्यावर तोला. माझी पेरणी होती २८ ऑगस्टची. १० जानेवारीच्या २० झाडांचं वाळलेलं मूळ भरलं २८ ग्रॅम, २५ जानेवारीच्या झाडांचं ४० ग्रॅम, आणि ९ फेब्रुवारीच्या झाडांचं ४४ ग्रॅम. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात १२ ग्रॅम वाढलं आणि दुसऱ्यात फक्त ४. वाढ अशी मंदावली की थांबण्यात फार कमाई नाही उरत. वजनासोबत वाळलेलं मूळ मोडूनही बघा. कट्‌कन तुटलं आणि आत पांढरं पिठाळ दिसलं तर वेळ बरोबर आहे. तुटताना काड्यांसारखे धागे निघायला लागले तर मूळ लाकडी व्हायला लागलंय, अजून थांबलात तर वजन मिळेल पण भाव पडेल. मी ९ तारखेचं वजन झाल्यावर दोनच दिवसांनी काढणी लावली.

जमीन कडक झाली असेल तर दोन दिवस आधी हलकं पाणी द्या म्हणजे मूळ तुटत नाही. ढगाळ हवामान दिसलं तर उपटूच नका, ओलं मूळ आणि अवकाळी पाऊस हे सगळ्यात वाईट. झाड उपटलं की मुळाच्या वर एक-दोन सेंटीमीटर खोड ठेवून कापायचं, पाला आणि काड्या तिथेच वेगळ्या टाकायच्या. हे शेतातच करा, खळ्यावर आणून करू म्हटलं की सगळं मिसळतं.

वाळवणं

माती धुवायची असेल तर पटकन पाण्याची धार मारून, टबात भिजत ठेवायचं नाही. भिजवलं की मूळ पाणी पितं, मग वाळायला दिवस वाढतात. जाड मुळं बोटभर-दीड बोटभर, म्हणजे सात ते दहा सेंटीमीटरचे तुकडे करून वेगळी आणि बारीक वेगळी वाळवा, कारण बारीक चार दिवसात होतात आणि जाडांना दुप्पट वेळ लागतो. काळ्या ताडपत्रीवर भर दुपारी पसरू नका, खालून इतकी तापते की वरची साल कडक होते आणि आतली ओल आतच अडकते. मी बांबूच्या मांडवावर हिरवी शेडनेट ताणून त्यावर एक थर पसरतो, खालून हवा लागते. दिवसातून दोनदा परतायचं आणि संध्याकाळी झाकायचं, फेब्रुवारीत आपल्याकडे रात्री दव असतं.

आता वाळलं हे ओळखायचं कसं, इथेच मी आपटलो होतो. पहिल्या वर्षी हाताला कडक लागलं, बारीक मुळं कटकट तुटत होती, म्हणून पोत्यात भरलं. तीन आठवड्यांनी पोतं उघडलं तर जाड मुळांवर बुरशी, आतून तपकिरी, आणि कुबट वास. चांगल्या अश्वगंधाला तो घोड्याचा वास असतो, ज्यावरून नाव पडलंय, कुबट वास म्हणजे माल गेला.

आता मी वजनाने ठरवतो. उपटल्याच दिवशी १०० ग्रॅम ओल्या मुळाच्या बारीक चकत्या केल्या आणि केकच्या ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवल्या, उरले ३५ ग्रॅम. म्हणजे ओल्या मुळात ६५ टक्के पाणी. (या चकत्या नंतर फेकायच्या, विकायच्या मालाला एवढी उष्णता नको.) मग जाळीच्या पिशवीत त्याच मालाची १० किलो ओली मुळं, जाड-बारीक मिसळून, भरून मांडवावरच एका बाजूला सैल पसरून ठेवली. यात कोरडा भाग साडेतीन किलो. आपल्याला पोत्यात भरताना १० टक्के ओल चालते, म्हणजे साडेतीनला ०.९ ने भागा, ३.९ किलो आलं. पिशवी ३.९ वर येईपर्यंत काहीही भरायचं नाही. पहिल्या वर्षी मी हाताच्या अंदाजावर थांबलो होतो, आणि नंतर लक्षात आलं की त्या टप्प्याला पिशवी ४.४ च्या आसपास असते. ४.४ ला हिशोब केला तर अजून २० टक्के पाणी आत आहे, बुरशी येणारच होती. यंदा ५६० किलो ओल्या मुळाचे वाळून साधारण २१८ किलो झाले, तेही याच हिशोबात बसतं.

वजनावर विश्वास ठेवा पण ढिगातलं सगळ्यात जाड मूळही मोडून बघा, मध्ये रबरासारखं वाकलं तर अजून दोन दिवस.

आता आकड्याची भानगड

वाळल्यावर लोक मुळं काठीने हलकी बडवतात, माती झडते आणि बारीक केसमुळ्या गळून पडतात. मग जाड, आतून पांढरी, ठिसूळ मुळं वरच्या ग्रेडला जातात. शिरपूरवरून सेंधवा-इंदोर करत नीमचच्या मंडीत माल नेला तर तिथे व्यापारी हेच बघतो, जाडी, पांढरेपणा, तुटताना आवाज. त्याच्यासाठी झडलेला तो बारीक कचरा म्हणजे शेवटची ग्रेड.

पण अर्क काढणाऱ्या कंपनीला विथॅनोलाइड, म्हणजे मुळातलं औषधी द्रव्य पाहिजे असतं, लॅब त्याचाच टक्का काढते, आणि ते मुळाच्या सालीकडे जास्त असतं, आतला पांढरा भाग मुख्यतः स्टार्च असतो. जाड मुळात स्टार्च भरपूर आणि साल त्यामानाने थोडी, म्हणून टक्का कमी येतो. बारीक मुळात सालीचा वाटा मोठा, म्हणून टक्का वर जातो. मी एकाच शेतातल्या जाड तुकड्यांचं आणि बडवून झडलेल्या मुळ्यांचं सॅम्पल वेगवेगळं तपासून घेतलं तर मंडीने ज्याला कचरा म्हटलं त्याचाच आकडा जास्त आला! फक्त एक अडचण, त्या मुळ्यांमध्ये माती असते, आणि आम्लात न विरघळणारी राख नावाची टेस्ट ती लगेच पकडते. आयुर्वेदिक फार्माकोपियात तिची मर्यादा १ टक्का आहे. म्हणून झडलेला माल आधी चाळणीने चाळा, मगच दाखवा.

दुसरी गोष्ट पाल्याची. पानांमध्ये विथॅफेरिन-ए जास्त असतं, मुळात विथॅनोलाइड-ए, आणि दोन्ही विथॅनोलाइडच. थोडा पाला किंवा काड्या मुळात मिसळल्या तर एकूण आकडा फुगतो, आणि काहींना वाटतं वा, माल भारी निघाला. पण दोन्ही रेणू वेगवेगळे मोजले की लगेच कळतं आणि माल परत येतो. २०२१ साली आयुष मंत्रालयानेच उत्पादकांना पानं वापरू नका म्हणून सांगितलंय. शेतातच पाला वेगळा करा म्हणतो ते यासाठी.

वाणाचंही तसंच. वेगवेगळ्या वाणांत या रेणूंचं प्रमाण मुळातच वेगळं असतं, दोन वाण एका ढिगात टाकले तर जिथून मूठ उचलली तसा रिपोर्ट येतो.

आणि शेवटी रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी विचारा. टेस्ट कोणत्या पद्धतीची, कारण एचपीएलसी नावाची मशीनवरची टेस्ट ठराविक रेणूच मोजते आणि जुनी वजनावरची पद्धत अर्कात जे जे येतं ते सगळं धरते, तिचा आकडा मोठाच दिसतो, दोन्ही शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. आणि आकडा कोरड्या वजनावर आहे की आहे त्या मालावर. समजा कोरड्या वजनावर ०.४० टक्के आहे, तर १० टक्के ओलीच्या मालात तोच ०.३६ दिसतो आणि २० टक्के ओलीत ०.३२. मूळ तेच, फक्त पाणी वेगळं.

तागाच्या पोत्यात भरा, फळीवर आणि भिंतीपासून लांब ठेवा. पिठाळ मूळ असल्याने भुंगेरे लागतात, महिन्याला एकदा पोतं उघडून पीठ पडलंय का बघा. प्रत्येक लॉटमधून अर्धा किलो हवाबंद डब्यात ठेवून त्यावर काढणीची तारीख, वाण, जाड की बारीक, आणि भरतानाची ओल लिहा. माल घेणाऱ्याचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर डब्यातला अर्धा भाग त्याच्या लॅबला आणि अर्धा तुमच्या लॅबला पाठवता येतो.