बाजाराच्या गोंगाटाची कविता करताना या चुका टाळा

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत सकाळी उभे राहिले की जे कानावर येते, त्याची कविता करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. 1886 साली उभ्या राहिलेल्या या दगडी इमारतीचा मधला भाग अष्टकोनी आहे. आत ओट्यांवर बसलेले विक्रेते आणि बाहेर उघड्यावर भाजी मांडून बसलेले विक्रेते असे दोन वेगळे आवाजी प्रदेश तिथे सापडतात. या लेखातली उदाहरणे बाहेरच्या, पालेभाजीच्या बाजूची आहेत, कारण तिथली आरोळी आखूड असते, पुन्हापुन्हा येते आणि तिच्यात ठेका सापडतो. कविता मुख्यतः नादावर उभी करायची, म्हणजे अर्थ टाकून द्यायचा नाही. मात्र कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता काढायचा, याचा निवाडा कानाने करायचा, इतके गृहीत धरले आहे.

गोंगाटाचे वर्णन करणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी दिसते:

खणखण वाजे ताजवा, गजबजलेला बाजार,
कलकल करती सारे, गोंगाट झाला फार.

या ओळींत आवाजाविषयीचे शब्द भरपूर आहेत आणि आवाज मात्र एकही नाही. ‘गजबज’, ‘कलकल’, ‘खणखण’ हे शब्द भाषेने फार पूर्वी घडवून ठेवलेले आहेत. ते कोणत्याही बाजाराला, जत्रेला किंवा शाळेच्या मधल्या सुट्टीला सारखेच चिकटतात. शिवाय आज बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटा असतो, तेव्हा खणखणणारा ताजवा हा ऐकलेला नसून पाठ्यपुस्तकातून आलेला आहे, हे वाचकाच्या चटकन लक्षात येते. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: कवितेतला प्रत्येक शब्द घ्यावा आणि तो बाजारात कोणाच्या तरी तोंडून किंवा कोणत्या तरी वस्तूतून निघाला होता का, हे विचारावे. वरच्या दोन ओळींतला एकही शब्द या कसोटीला उतरत नाही.

दुरुस्तीसाठी आवाज नोंदवताना शब्द सुधारू नयेत. विक्रेता ‘दहा रुपयांना एक जुडी’ असे म्हणत नाही. तो ‘धाला जुडी’ म्हणतो. ‘दहाला’चे ‘धाला’ होते, कारण दिवसभर ओरडायचे तर एक अक्षर वाचलेले बरे. ही बचत हाच कवितेचा कच्चा माल आहे, आणि शुद्धलेखनाच्या ओढीने ‘दहाला’ लिहिले की पहिल्या अक्षरातला तो महाप्राण धक्का निघून जातो.

फोनवरच्या ध्वनिमुद्रणावर विसंबून शब्द उतरवण्यातही एक धोका आहे. बहुतेक फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतात. जवळची मोठी आरोळी दाबली जाते आणि दूरची कुजबुज वर येते. प्रत्यक्षात कान जे निवडत होता ती निवड त्यामुळे पुसली जाते. म्हणून शब्द जागेवरच कागदावर उतरवावेत आणि मुद्रणाचा उपयोग दोन आरोळ्यांमधला विराम तपासण्यापुरता करावा.

कागदावरच्या मात्रांवर विसंबणे

ज्यांना मात्रावृत्ते येतात, त्यांच्याकडून ही चूक अधिक होते. समजा, आपल्याकडे दोन आरोळ्या आहेत: ‘धाला जुडी’ आणि ‘वीसला पाव’. नियमाने मोजले तर पहिलीत सात मात्रा भरतात (धा दोन, ला दोन, जु एक, डी दोन) आणि दुसरीत आठ (वी दोन, स एक, ला दोन, पा दोन, व एक). म्हणजे दुसरी आरोळी किंचित लांब ठरते. आता दोन्ही मोठ्याने म्हणून पाहावे. ‘वीसला’तला ‘स’ आणि ‘पाव’मधला ‘व’ बोलताना अर्धेच उरतात, त्यामुळे तोंडातून वीस्‌‌, ला, पाव्‌‌ असे तीनच आघात निघतात. ‘धाला जुडी’त मात्र चार सुटे आघात पडतात. कागदावर लांब असलेली आरोळी कानाला आखूड आणि जड लागते, तर कागदावर आखूड असलेली आरोळी धावती लागते.

मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना बहुधा गळतो. जुन्या वृत्तांच्या गणतीत मात्र तो धरला जातो. गाण्यासाठी लिहिलेल्या कवितेत हा फरक चाल सांभाळून घेते. बाजाराच्या कवितेला चाल नसते, म्हणून तिथे आघात मोजावेत आणि मात्रा फक्त पडताळ्यासाठी ठेवाव्यात. ओळ कागदावर बरोबर भरली आहे आणि तरी वाचताना अडखळते आहे, असे झाले, तर बिघाड बहुतेक वेळा अशा गळणाऱ्या ‘अ’पाशी सापडतो.

याच प्रकारातली दुसरी अडचण म्हणजे सगळ्या आरोळ्या एकाच आठ मात्रांच्या आवर्तनात बसवणे. तसे केले की कविता बडबडगीत होते. बाजारात प्रत्येक आवाजाचा ठेका त्याच्या श्वासावर ठरलेला असतो. बसून ओरडणाऱ्याला लांब श्वास मिळतो; डोक्यावर ओझे घेतलेल्या हमालाला मिळत नाही, म्हणून तो ‘बाजू!’ एवढेच म्हणतो. या दोघांना एका मापाचे कपडे घालू नयेत.

सगळे एकाच वेळी ऐकवण्याचा अट्टाहास

ओळ ही एकामागून एक वाचली जाते. बाजार एकाच वेळी ऐकू येतो. हा खरा पेच आहे. त्यावर उपाय म्हणून काही जण शब्द पानभर विखुरतात, आडवेतिडवे लावतात किंवा ‘ऽऽऽऽ’ आणि उद्गारचिन्हांच्या रांगा लावतात. पान पाहायला गर्दीचे दिसते; वाचायला घेतले की वाचक शेवटी एकेक शब्दच उच्चारतो आणि गर्दी विरते. अवग्रहाची चार चिन्हे आणि सात चिन्हे यांतला फरक कोणालाही वाचून दाखवता येत नाही, म्हणून स्वर लांबवायचा असेल तर एकच ‘ऽ’ लिहावा आणि त्याचा अर्थ कवितेत सगळीकडे एकच ठेवावा.

गर्दीचा भास कागदावर निर्माण होतो तो अडथळ्याने. एक आवाज तळाशी चालू ठेवायचा, दुसऱ्याने तो शब्दाच्या मध्येच तोडायचा, आणि मग पहिला आवाज तुटल्या जागेवरून पुढे न्यायचा. कुठे तोडायचे, याला महत्त्व आहे. ‘धाला जुडी’ हा तळ आणि ‘बाजू’ हा अडथळा धरला, तर सर्वांत चांगली जागा ‘जु’नंतरची आहे, कारण ‘जु’ आणि ‘बाजू’तला ‘जू’ एकाच ठिकाणी, दातांच्या मागे उच्चारले जातात. तोडलेला नाद हमालाच्या तोंडात पुरा होतो आणि वाचकाला धक्क्याबरोबर जोडही ऐकू येते:

धाला जुडी धाला जुडी धाला जु–
बाजू!
–डी धाला जुडी

यात तिसरा आवाज आणायचा तर तोही असाच पारखून घ्यावा. शेजारचा विक्रेता ‘गवार भेंडी वीसला पाव’ म्हणत असेल, तर ती देणगीच समजावी. ‘भेंडी’चा शेवट ‘जुडी’सारखाच ‘डी’ने होतो. दोन्ही शब्द तोडले आणि मागे नुसता ‘–डी’ ठेवला, तर तो कोणाचा तुकडा आहे हे वाचकाला क्षणभर कळत नाही. खऱ्या बाजारात दोन आरोळ्यांची शेपटे कानात अशीच एकमेकांत मिसळतात. इथे ‘भेंडी’ऐवजी ‘पालक’ चालणार नाही. भाजी कोणती घ्यायची हे आता नाद ठरवतो आहे. एरवी ‘बटाटा’, ‘टोमॅटो’ यांतले मूर्धन्य टकार मोहात पाडतात, आणि नुसती भाज्यांची यादी म्हणजे नादकविता असे वाटू लागते. पण यादीतला कोणताही शब्द शेजारच्या शब्दाला अडवत नसेल, तर ती यादीच राहते.

अर्थ पूर्ण काढून टाकणे

नादाच्या नादाला लागून काही कविता फट्, टक्, सर्र अशा तुकड्यांवर येऊन थांबतात. वीसेक ओळींनंतर अशी कविता पुढे सरकत नाही, कारण तिच्यात काही बदलतच नाही. बाजारात बदलणारी एक गोष्ट मात्र आयती मिळते, ती म्हणजे भाव. पालेभाजी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही, त्यामुळे संध्याकाळकडे ‘धाला जुडी’चे ‘धाला दोन’ होते आणि मग ‘धाला तीन’. या तिन्ही आरोळ्या कागदावर सात मात्रांच्याच आहेत. कागदावरचे माप न मोडता वेळ पुढे जाते. बदलतो तो शेवट: ‘डी’चा उघडा, पुढे फेकलेला स्वर जातो आणि ‘न्’चा मिटलेला, नाकातला नाद येतो. विक्रेता थकला आहे, असे वेगळे लिहिण्याची गरज उरत नाही, आणि माझ्या मते तसे लिहिले तर केलेले सगळे काम वाया जाते.

गिऱ्हाइकाचा प्रश्नही याच मापात बसतो. ‘मेथी कशी?’ यातही सात मात्रा आणि चार आघात आहेत, शेवटी दीर्घ ईकार आहे. म्हणून ‘धाला जुडी’ हे त्याचे उत्तर यमकासारखे लागते. आता सगळे एकत्र ठेवून पाहू:

धाला जुडी धाला जुडी धाला जु–
बाजू!
–डी धाला जुडी
गवार भेंडी वीसला पाव
मेथी कशी?
धाला जुडी
गवार भें–
बाजू बाजू!
–डी
मेथी?
–डी धाला
वीसला पाव वीसला
धाला दोन धाला दोन
बाजू
धाला तीन

सुरुवातीच्या ‘बाजू!’वर उद्गारचिन्ह आहे आणि शेवटच्यावर नाही, हा एवढाच फरक मुद्दाम ठेवला आहे. तेवढ्याने आवाज उतरतो. नवव्या ओळीतला एकटा ‘–डी’ भेंडीचा आहे आणि अकराव्यातला जुडीचा. पण मध्ये गिऱ्हाइकाचा प्रश्न आल्यामुळे दोन्ही तुकडे त्यालाच दिलेल्या उत्तरांसारखे लागतात.

स्वतःच वाचून तपासणे

लिहिणाऱ्याच्या कानात मूळ बाजार शिल्लक असतो, त्यामुळे कागदावर नसलेला आवाजही त्याला ऐकू येतो. कविता त्या बाजारात न गेलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावी आणि काही न सांगता मोठ्याने वाचायला लावावी. ती तुटलेल्या शब्दापाशी थांबून ‘हे काय आहे?’ असे विचारू लागली, तर तोडण्यापूर्वी तो शब्द पुरेशा वेळा अखंड आलेला नाही असे समजावे. ‘जुडी’ निदान दोनदा पुरती ऐकू आल्याशिवाय ‘जु–’ कळत नाही. ती सगळे एका सुरात, पाढे म्हटल्यासारखे वाचू लागली, तर अडथळे फार नियमित अंतराने पडले आहेत. वरच्या कवितेत पहिल्या आणि दुसऱ्या ‘बाजू’मध्ये पाच ओळी आहेत, दुसऱ्या आणि तिसऱ्यातही पाचच, म्हणून हे अंतर विषम करून पाहावे. दोन वाचक मिळाले, तर एकाला केवळ हमालाच्या ओळी द्याव्यात आणि दुसऱ्याचे वाक्य संपण्याची वाट पाहू नये, असे सांगावे. दुसऱ्या वाचकाचा ‘जु’ जर हमालाच्या ‘बा’खाली बुडत असेल, तर तोडण्याची जागा एका अक्षराने मागे घेऊन ‘धाला–’पाशी करून पाहावी आणि ‘जुडी’ अखंड परत आणावी.