गणेश मंडळाचे संकेतस्थळ : कार्यक्रम, वर्गणी आणि कार्यकर्त्यांच्या सूचना एका पानावर कशा मांडाव्यात

जळगावच्या पिंप्राळा भागातील एखाद्या कॉलनीचे गणेश मंडळ उदाहरणादाखल घेऊ. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. मधल्या रविवारी, २० सप्टेंबरला वरण-बट्टीचा महाप्रसाद आहे, एका संध्याकाळी अहिराणी कविसंमेलन आहे, आणि शेवटी मेहरूण तलावावर विसर्जन आहे. एवढ्यासाठी मोठे संकेतस्थळ लागत नाही. एक पान पुरते. मात्र त्या पानावर तीन मजकूर असतात आणि तिघांचा स्वभाव वेगळा असतो. कार्यक्रम पावसामुळे किंवा पाहुण्यांच्या सोयीने रोज बदलू शकतो, देणगीचा तपशील उत्सव संपेपर्यंत एका अक्षरानेही बदलता कामा नये, आणि कार्यकर्त्यांसाठीची सूचना वेळ उलटली की नाहीशी झाली पाहिजे. पान उभारण्याआधी हे तीन भाग कोण बदलणार ते बैठकीत ठरवून घ्यावे: कार्यक्रम सचिवांकडे, देणगी फक्त खजिनदारांच्या संमतीने, सूचना त्या-त्या कामाच्या प्रमुखाकडून.

जागा आणि खाते

गिटहब या संकेतस्थळाच्या ‘पेजेस’ या सेवेवर असे पान फुकट ठेवता येते. त्यासाठी आधी मंडळाच्या नावाने स्वतंत्र ईमेल उघडावा आणि त्यावरच गिटहबचे खाते काढावे. संगणक येणाऱ्या मुलाच्या वैयक्तिक खात्यावर हे काम केले, तर तो नोकरीसाठी पुण्याला किंवा सुरतेला गेल्यावर पुढच्या वर्षी पासवर्डसाठी त्याच्या घरी चकरा माराव्या लागतात. पासवर्ड आणि खाते परत मिळवण्याचे सांकेतिक क्रमांक कागदावर लिहून मंडळाच्या दप्तरात, पावती पुस्तकांसोबत ठेवावेत.

खात्यात `खात्याचे-नाव.github.io` या नावाचे कोठार, म्हणजे गिटहबच्या भाषेत repository, तयार करून त्यात `index.html` ही फाइल ठेवायची आणि Settings मधील Pages या विभागात पान सुरू झाल्याची खात्री करायची. फुकटच्या खात्यात हे कोठार सर्वांसाठी खुले असावे लागते, आणि त्यात एकदा ठेवलेला मजकूर पुढे पुसला तरी जुन्या आवृत्तीत कोणालाही दिसत राहतो. म्हणून वर्गणीदारांची मोबाइल क्रमांकांसह यादी तेथे तात्पुरतीसुद्धा चढवू नये.

फाइलची सुरुवात अशी असावी:

```html
<!doctype html>
<html lang="mr">
<meta charset="utf-8">
<meta name="viewport"
  content="width=device-width, initial-scale=1">
<title>मंडळाचे नाव, पिंप्राळा, जळगाव</title>
```

`utf-8` ची ओळ राहून गेली तर मराठीच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसण्याचा धोका असतो. तसाच गोंधळ दुसऱ्या कारणानेही होतो आणि मंडळांत हे दुसरे कारणच जास्त आढळते: कार्यक्रमपत्रिका फ्लेक्सवाल्याकडे जुन्या फाँटमध्ये टाइप झालेली असते आणि तीच मागवून इथे चिकटवली जाते. मराठी अक्षरांऐवजी रोमन अक्षरे आणि कंस उमटले की तो मजकूर युनिकोडमध्ये नाही असे समजावे आणि सरळ पुन्हा टाइप करावा. पत्रिकेचा फोटो टाकण्याचा मोह आवरावा, कारण फोटोतील वेळ बदलता येत नाही आणि शोधताही येत नाही.

कार्यक्रम

पाच रकान्यांचा तक्ता मोबाइलच्या रुंदीत मावत नाही, त्यामुळे प्रत्येक दिवसाला स्वतंत्र शीर्षक द्यावे आणि त्याखाली वेळ, कार्यक्रम, ठिकाण असे एकाखाली एक लिहावे. शीर्षकाला `id` ही ओळखखूण दिली की फक्त त्या दिवसाचा दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो. खालील उदाहरणात पत्त्याच्या शेवटी `#20-sep` जोडले की वाचक थेट महाप्रसादाच्या दिवसावर पोचतो.

```html
<h3 id="20-sep">रविवार, २० सप्टेंबर</h3>
<p>दुपारी १२ ते ३ : महाप्रसाद, मंडपाशेजारी</p>
<p><del>सायं. ७ : कविसंमेलन, मैदान</del><br>
बदल : रात्री ८, समाजमंदिर (पावसामुळे)</p>
```

येथे जुनी वेळ पुसलेली नाही, तिच्यावर रेघ मारली आहे. घरोघरी छापील पत्रिका गेलेली असते. ती हातात धरून पान उघडणाऱ्याला दोन वेगळ्या वेळा दिसल्या तर खरी कोणती हा प्रश्न पडतो, पण छापलेली वेळ खोडलेली आणि शेजारी कारण लिहिलेले दिसले की शंका उरत नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहावीत. मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमाला नुसते ‘रात्री १२’ असे न लिहिता पुढची तारीखही द्यावी.

पानाच्या माथ्यावर ‘शेवटचा बदल’ आणि त्याची वेळ असावी. बदल जतन केल्यावर तो सर्वांना दिसायला गिटहबवर दहा मिनिटांपर्यंत, कधी थोडा अधिकही वेळ लागू शकतो, आणि त्यामुळे ‘मी तर दुरुस्त केले’ व ‘मला तर जुनेच दिसते’ हा संवाद ठरलेला असतो. वेळ छापलेली असली की वाचकाला आपल्यासमोर कोणती आवृत्ती आहे हे कळते. कार्यक्रम ऐन वेळी बदलला असेल तर पानावर विसंबून न राहता मंडपातल्या ध्वनिक्षेपकावरूनही सांगावे.

देणगीचा तपशील

सर्वाधिक काळजी येथे घ्यावी लागते. नोंदणीकृत नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत पानावर देणगीचा भाग ठेवू नये. मिळाल्यावर परवानगीचा क्रमांक आणि तिची मुदत याच भागात लिहावी. ज्या संस्थेकडे देणगीवरील करसवलतीसाठी आयकर कायद्याखालील नोंदणी नाही, तिने करसवलतीचा उल्लेखही करू नये.

खाते मंडळाच्या नावाचे असावे. खजिनदारांच्या खासगी यूपीआय क्रमांकावर वर्गणी घेतली तर ती त्यांच्या घरखर्चाच्या व्यवहारांत मिसळते, आणि माणूस कितीही सरळ असला तरी हिशेबाच्या बैठकीत त्यालाच अवघड जागी बसावे लागते. बँकेने दिलेला क्यूआर संकेत पानावर ठेवताना त्याभोवतीची पांढरी कड कापू नये आणि मध्ये हौसेने गणपतीचे चित्र बसवू नये, कारण मग काही फोनना तो वाचता येत नाही.

बहुतेक लोक हे पान ज्या फोनवर पाहतात त्याच फोनवरून पैसे पाठवतात, म्हणजे स्वतःच्याच पडद्यावरचा क्यूआर त्यांना कॅमेऱ्याने टिपता येत नाही. म्हणून त्याखाली यूपीआय आयडी निवडून उचलता येईल अशा अक्षरांत द्यावा. `upi://pay` ने सुरू होणारा, दाबताच पैसे पाठवण्याचे अॅप उघडणारा दुवाही करता येतो. तथापि खाते व्यापारी स्वरूपाचे नसेल तर काही अॅप तो व्यवहार नाकारतात, त्यामुळे केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आयडीच्या शेजारी हे वाक्य ठळक असावे: ‘पैसे पाठवण्यापूर्वी आपल्या पडद्यावर पुढील नाव दिसले पाहिजे’, आणि त्यापुढे खात्याचे नाव बँकेत आहे तसेच. उत्सवाच्या दिवसांत मंडळाच्या नावाने भलताच क्यूआर समूहांवर फिरवला गेला, तर वाचकाला पडताळण्यासाठी ही एकच ओळ उपयोगी पडते. पान प्रसिद्ध करण्यापूर्वी दोन वेगळ्या फोनवरून, दोन वेगळ्या अॅपमधून एकेक रुपया पाठवून पाहावा: नाव बरोबर दिसले का, आणि रक्कम खजिनदारांच्या खातेउताऱ्यात उतरली का, हे दोन्ही तपासावे.

पावतीसाठी देणगीदाराने व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक कळवावा अशी विनंती लिहावी. तोच क्रमांक पावतीवर घातला की खातेउतारा आणि पावती पुस्तक यांचा मेळ बसतो. देणगीदारांची यादी प्रसिद्ध करायची असेल तर नाव छापावे का हे पावती फाडतानाच विचारावे. होकार नसेल तेथे ‘गुप्तदान’ आणि पावती क्रमांक पुरेसा आहे. घर क्रमांक आणि मोबाइल कोणाचाच देऊ नये.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

‘महाप्रसादासाठी कार्यकर्ते हवेत’ एवढ्या सूचनेवर कोणी येत नाही. काम, तारीख, वेळ, जमण्याची जागा आणि माणसे किती हवीत, हे सारे त्यात हवे. महाप्रसादाचे काम तीन सूचनांत फोडावे: सकाळी ६ वाजता वांगी चिरायला आठ जण, ८ वाजता बट्ट्या वळायला बारा जण, दुपारी १२ पासून वाढायला पंधरा जण. रोज आरतीनंतर ‘आठपैकी पाच झाले’ अशी दुरुस्ती केली की उरलेल्या जागा लवकर भरतात. संपर्कासाठी मंडळाचा एकच क्रमांक द्यावा. मुलींचे आणि महिला कार्यकर्त्यांचे खासगी क्रमांक खुल्या पानावर छापू नयेत.

संपलेली सूचना आपोआप निघून जाण्यासाठी तिच्यावर मुदत घालता येते:

```html
<p data-until="2026-09-20T06:30:00+05:30">
रविवार, २० सप्टेंबर, सकाळी ६ : वांगी चिरणे,
समाजमंदिर. आठ जण हवेत.</p>
<script>
document.querySelectorAll("[data-until]")
  .forEach(function (n) {
    if (Date.now() > Date.parse(n.dataset.until))
      n.remove();
  });
</script>
```

`script` चा भाग एकदाच आणि सर्व सूचनांच्या खाली, फाइलच्या शेवटी ठेवावा. शेवटचे `+05:30` म्हणजे भारतीय वेळ. महिना `09` ऐवजी `9` लिहिला तर काही ब्राउझरना तारीख समजत नाही आणि सूचना जागची हलत नाही. म्हणून नवी सूचना चढवण्याआधी मुदत कालची घालून ती खरोखर नाहीशी होते का ते पाहावे आणि मग खरी मुदत लिहावी.

विसर्जनाच्या रात्री गर्दीत मोबाइलचे नेटवर्क मंदावते आणि मिरवणूक कोठे आली हे पाहण्यासाठी तेव्हाच पान सर्वाधिक उघडले जाते. फोनमधील एक फोटो सहज चार एमबीचा असतो. मूर्तीचा एकच फोटो, तोही दीडशे केबीच्या आत आणून, ठेवावा आणि बाकीचे फोटो दुसरीकडे द्यावेत.

विसर्जनानंतर वर्गणी घेणे थांबले की क्यूआर आणि यूपीआय आयडी काढून टाकावेत, आणि त्याच जागी जमाखर्च मांडावा: एकूण वर्गणी, मंडप, मूर्ती, महाप्रसाद, विसर्जन आणि शिल्लक. ही आकडेवारी धर्मादाय कार्यालयात दिलेल्या हिशेबाशी जुळते की नाही, हे खजिनदारांनी तपासून सही केल्यावरच ती चढवावी.