कुर्ती की ट्यूनिक? आधी चीर बघा

ऑनलाइन कपडे घेताना नावावर जाऊ नका; एकाच कपड्याला कुणी कुर्ती म्हणतं, कुणी ट्यूनिक. मी आधी बाजूची चीर बघते. कुर्तीला ती सहसा दोन्ही बाजूंना असते, बहुधा नितंबांच्या वरून सुरू होते, म्हणून खाली लेगिंग किंवा सलवार लागतेच. ट्यूनिक आखूड, मांडीच्या मध्यापर्यंत. चीर नसते किंवा जेमतेम दोन-तीन इंचांची, आणि गळ्याला अनेकदा शर्टासारखी कॉलर.

खरी गल्लत ट्यूनिक ड्रेसमध्ये होते. तो गुडघ्याच्या आसपास येतो आणि नुसता घालता यायला हवा. लांबी 38 इंच लिहिली असेल तर टेप खांद्याच्या गळ्याजवळच्या टोकापासून सरळ खाली सोडा. 38 इंच मांडीवरच संपले, तर तुमच्यासाठी ती ट्यूनिकच. कापड पातळ रेयॉन किंवा जॉर्जेट असेल तर आत अस्तर आहे का तेही बघा.

कफ्तान मात्र लांबून ओळखू येतो: बाही वेगळी जोडलेली नसते, अंगाच्याच कापडातून निघते. गळा बहुधा व्ही. कडक सुती कापडात तो तंबूसारखा उभा राहतो, मऊ सुळसुळीत कापडच घ्या.