एकादशी आणि बदललेली किडनी

किडनी प्रत्यारोपण झालेल्यांनी निर्जळी एकादशी करू नये. पाणी कमी पडलं की किडनीवर ताण येतो आणि रक्तातलं क्रिएटिनिन चढतं. फराळी उपासाचंही आधी डॉक्टरांना विचारा.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमसची गोळी सकाळी ९ आणि रात्री ९ला असेल, तर एकादशीलाही तीच वेळ. गोळी पाण्यासोबत घ्यायची असते, फराळासाठी थांबवायची नाही. चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

खरी गोम फराळात आहे. टॅक्रोलिमसनेच रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यात बटाटा, रताळं, केळं, शेंगदाणे आणि वर नारळपाणी! रिपोर्टमध्ये पोटॅशियम जास्त असेल तर साबुदाण्याच्या खिचडीत कूट चमचाभरच घाला. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा, ते पाणी फेका.

डायलिसिसवाल्यांचं गणित उलटं. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पाण्यापेक्षा त्यांनी जास्त पिऊ नये.

लघवी कमी किंवा गडद झाली, उठताना भोवळ आली, तर उपास तिथेच सोडा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळी उलटून पडली तरी फोन कराच. पायातली ताकद गेली, छातीत धडधडलं तर थेट हॉस्पिटल गाठा.