होमोजीनियस उत्पादन फलन: कमी पडलेले आठ नग

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला किंवा सेट-नेटच्या तयारीला बसलेल्यांना कॉब-डग्लस पाठच असतं, त्यामुळे त्याची ओळख करून देत नाही. `Q = L^α K^β` मध्ये श्रम आणि भांडवल दोन्ही λ पट केले की उत्पादन `λ^(α+β)` पट होतं, म्हणून डिग्री `α+β`. ती 1 पेक्षा जास्त असली तर वाढते रिटर्न्स टू स्केल, कमी असली तर घटते, बरोबर 1 असली तर स्थिर. इथवर कुणी अडत नाही. घोळ होतो पुढच्या वाक्याला: "α म्हणजे उत्पादनातला श्रमाचा वाटा." गाइडांमध्ये हे वाक्य चौकटीत छापलेलं असतं आणि त्याची अट मात्र कुठेच नसते. मी याच वाक्यावर आपटले, म्हणून त्याच्यावरच जरा जास्त बोलते.

आकडे घेऊनच बघा. आमच्या एका सरांचा हट्ट असायचा की फलन दिसलं की आधी त्यात आकडे घालायचे, डेरिव्हेटिव्ह नंतर. तेव्हा कंटाळा यायचा, पण माझ्या मते या विषयात याहून चांगली सवय नाही.

`Q = L^0.75 K^0.5` घ्या. 16 मजूर, 16 यंत्रं. 16 चा 0.75 घात 8, 0.5 घात 4, म्हणजे उत्पादन 32 नग. श्रमाचं सीमांत उत्पादन 0.75 × 32 ÷ 16, म्हणजे 1.5 नग. यंत्राचं 0.5 × 32 ÷ 16, म्हणजे 1 नग. आता प्रत्येकाला त्याच्या सीमांत उत्पादनाइतका मोबदला द्या. मजुरांचे 24 नग, यंत्रांचे 16. एकूण 40. कारखान्यात तयार झाले 32! आठ नग आणायचे कुठून?

हे माझं गणित चुकलेलं नाही. ऑयलरचं प्रमेय हेच सांगतं: डिग्री k असेल तर सीमांत उत्पादनाप्रमाणे दिलेला एकूण मोबदला `kQ` होतो. इथे k = 1.25, आणि 32 ची सव्वापट 40. नवखी मुलं प्रमेय "बेरीज Q इतकी होते" असं लक्षात ठेवतात, k गाळून. तो k गाळला की संपूर्ण विषयच हातातून गेला, कारण प्रश्न नेमका त्याच्यावर असतो.

उलट बाजूला `Q = L^0.5 K^0.25` घ्या, साधनं तितकीच. उत्पादन 8 नग, मजुरांना 4, यंत्रांना 2, आणि 2 नग उरतात. ते मालकाला नफा म्हणून मिळतात. पण घटते रिटर्न्स दिसले की मला आधी शंका येते की एखादं साधन फलनात लिहायचंच राहिलंय. बहुधा जमीन, किंवा मालकाचं स्वतःचं लक्ष, जे दुप्पट करता येत नाही. ते तिसरं साधन आत घेतलं की डिग्री 1 होते आणि उरलेले 2 नग त्याचा मोबदला ठरतात.

म्हणजे वाटप तंतोतंत जमतं ते फक्त डिग्री 1 ला. 1894 मध्ये विकस्टीडने नेमका हाच दावा मांडला, की प्रत्येक साधनाला सीमांत उत्पादनाइतकं दिलं तर उत्पादन पूर्ण वाटून संपतं. त्यावरच्या परीक्षणात फ्लक्सने दाखवून दिलं की हे तर ऑयलरचंच प्रमेय. मग वाद सुरू झाला की सगळे उद्योग डिग्री 1 चे कशावरून? विकसेलचं उत्तर मला आजही सगळ्यात समाधानकारक वाटतं. स्पर्धेत दीर्घकाळात संस्था सरासरी खर्चाच्या तळाशी येऊन टेकते, आणि त्या एका बिंदूपाशी रिटर्न्स स्थिरच असतात. सगळीकडे डिग्री 1 असायची गरज नाही, तिथे असली की पुरे. मात्र तळ असलेला यू आकाराचा सरासरी खर्च होमोजीनियस फलनातून निघतच नाही, कारण k सगळीकडे एकच असतो. साधनांच्या किमती स्थिर धरल्या तर सरासरी खर्च सतत उतरत जाईल, सतत चढेल किंवा सपाट राहील. परीक्षेत "होमोजीनियस फलन आणि यू आकाराचा दीर्घकालीन सरासरी खर्च" असं एकत्र दिसलं तर सावध व्हा.

आता त्या आठ नगांकडे परत. वाढत्या रिटर्न्सच्या संस्थेत मजुराला 1.5 नग मिळूच शकत नाहीत, नाहीतर ती बुडेल. ती टिकते कारण तिच्या मालाची किंमत सीमांत खर्चाच्या वर असते. नफा शून्य धरला तर किंमत सीमांत खर्चाच्या बरोबर k पट, इथे 1.25 पट. प्रत्येकाचा मोबदला त्याच प्रमाणात खाली येतो. मजुरांचे 24 चे 19.2 होतात, यंत्रांचे 16 चे 12.8. बेरीज 32, हिशोब जुळला. श्रमाचा वाटा 19.2 भागिले 32, म्हणजे 60 टक्के. चौकटीतलं वाक्य 75 टक्के म्हणत होतं. नफा शून्य असेल तर खरा वाटा `α/(α+β)` आहे, आणि डिग्री 1 असेल तेव्हाच तो α च्या बरोबर येतो. एवढं एक नीट बसलं की उरलेलं सोपं आहे, घाबरू नका.

एक छोटी गोष्ट राहिली. डिग्री 1 आहे म्हणून सीमांत उत्पादन घटत नाही असं नाही. नुसते मजूर वाढवले तर ते घटतंच. दोन्ही साधनं सारख्याच पटीत वाढवली तर मात्र जागचं हलत नाही. आणि घातांकांची बेरीज करून डिग्री काढायचा शॉर्टकट फक्त एकाच गुणाकाराच्या फलनाला चालतो. `L + √(LK)` ची डिग्री 1 आहे, `L + LK` होमोजीनियसच नाही. λ घालून बघा, तो पूर्ण बाहेर निघाला पाहिजे.

प्रकल्पात आकडेवारी वापरणार असाल तर आणखी एक. कॉब आणि डग्लस यांनी 1928 मध्ये अमेरिकन कारखानदारीचे 1899 ते 1922 चे आकडे घेतले आणि श्रमाला तीन-चतुर्थांश, भांडवलाला एक-चतुर्थांश घातांक काढला. बेरीज 1 आली यात नवल नाही, ती त्यांनी आधीच 1 धरली होती. 1937 मध्ये ड्युरँडने सुचवलं की दोन्ही घातांक मोकळे सोडा. आजही कितीतरी प्रकल्पांत `ln(Q/L)` हे नुसत्या `ln(K/L)` वर रिग्रेस करतात आणि खाली लिहितात की "स्थिर रिटर्न्स आढळले". आढळले कसले, तुम्हीच आत घातले! त्याऐवजी उजव्या बाजूला `ln L` वेगळं ठेवा:

```
ln(Q/L) = ln A + β ln(K/L) + (k − 1) ln L
```

शेवटचा सहगुणक शून्यापासून लक्षणीय दूर असेल तर डिग्री 1 नाही, आणि मग श्रमाचा वाटा α म्हणून तक्त्यात लिहायचा नाही.