सिलिंडरचं पाणी रात्री तापवा: इंग्लंडच्या हिवाळ्यात इमर्शन हीटरचा टायमर कसा लावावा

पुण्याहून रेडिंगला राहायला आलो तेव्हा कपाटातल्या त्या तांब्याच्या उंच टाकीला मी मोठा गिझर समजलो. आंघोळीच्या आधी बटण दाबायचं, झाली की बंद करायचं. पहिल्या हिवाळ्याचं बिल आल्यावर कळलं की ही सवय इथे महागात पडते. गिझर पंधरा-वीस लिटरचा असतो आणि अर्ध्या तासात तापतो. इथला सिलिंडर 120 ते 210 लिटरचा, त्यातला हीटर साधारण 3 किलोवॅटचा. शिवाय ज्या फ्लॅटमध्ये गॅस नाही तिथे बहुधा ‘इकॉनॉमी 7’ दर असतो, म्हणजे रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि उरलेल्या वेळी नेहमीपेक्षा महाग. मी नेमका महाग वेळेत पाणी तापवत होतो.

सगळ्यात आधी आपला दर कोणता ते बिलावर पाहा. युनिटचे दोन भाव छापलेले असतील तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं. एकच भाव असेल तर टायमरने फार काही हाती लागत नाही. पाणी पहाटे तापवा की संध्याकाळी, युनिट तितक्याच किमतीला पडतं. वाचते ती फक्त टाकीतून झिरपणारी थोडी उष्णता, आणि ती वाचवायला टाकीभोवती गुंडाळायचं जाड जॅकेट टायमरपेक्षा जास्त उपयोगी.

आता स्वस्त वेळ नक्की कधी सुरू होते ते शोधा, आणि इथे अंदाजावर जाऊ नका. अनेक ठिकाणी ती रात्री 12:30 ते सकाळी 7:30 असते, पण भागाप्रमाणे आणि मीटरप्रमाणे बदलते. वीज कंपनीला विचारा, मग स्वतःही पडताळा. मीटरवर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन आकडे असतात. एका रात्री उशिरा हीटर चालू करा आणि कुठला आकडा पुढे सरकतो ते बघा. घर फारसं काही खात नसताना 3 किलोवॅटचा हीटर वीस मिनिटांत एक युनिट खातो, त्यामुळे फरक लगेच दिसतो. जुने मीटर उन्हाळ्यातही हिवाळ्याच्याच घड्याळावर चालतात, म्हणून मार्चअखेरीस घड्याळं पुढे गेली की त्यांची स्वस्त वेळ आपल्या घड्याळात तासभर उशिरा पडते. तेव्हा ही चाचणी पुन्हा करा.

मग सिलिंडरकडे या. बहुतेक ठिकाणी दोन हीटर असतात. तळाचा सगळी टाकी तापवतो, तो रात्रीसाठी. वरचा फक्त वरचा थर तापवतो, तो दिवसा अचानक गरज पडली तर. त्याच्या बटणावर बहुधा ‘बूस्ट’ लिहिलेलं असतं. टायमर तळाच्या हीटरला हवा. माझ्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूने बूस्ट चालूच ठेवला होता. सकाळी आंघोळी झाल्या की दिवसभर महाग विजेवर वरचं पाणी पुन्हा पुन्हा तापत राहायचं. बटणावरचा लाल दिवा फसवतो: तो बटण चालू असल्याचं सांगतो, हीटर तापवतोय का हे सांगत नाही. थर्मोस्टॅटने हीटर बंद केला तरी दिवा जळतच असतो. खरं काय चाललंय ते मीटरच्या छोट्या पडद्यावर कळतं. त्या क्षणाच्या वापराचा आकडा एकदम 3 किलोवॅटने खाली आला की पाणी तापून झालं.

किती वेळ लावायचा याचं आमच्या घरचं गणित सांगतो. आम्ही दोघं, टाकी 150 लिटरची. हिवाळ्यात नळाचं पाणी सात अंशांच्या आसपास येतं. आठ मिनिटांच्या शॉवरला, मिनिटाला आठ लिटर धरले तर, 64 लिटर पाणी लागतं आणि ते चाळीस अंशांपर्यंत न्यायला जवळजवळ अडीच युनिटं. (उन्हाळ्यात पाणी सोळा अंशांचं असतं तेव्हा हेच काम 1.8 युनिटांत होतं, म्हणून उन्हाळ्यात पुरणारी वेळ डिसेंबरमध्ये पुरत नाही.) दोन शॉवर पाच युनिटं, भांडी-हातपाय एक, आणि टाकीतून दिवसभरात निसटणारी दीड. एकूण साडेसात, म्हणजे हीटरचे अडीच तास. बादलीने आंघोळ करणाऱ्यांचं काम शॉवरच्या तिसऱ्या हिश्शात होतं, तेवढी वजाबाकी करून घ्या.

हे अडीच तास रात्री साडेबारालाच लावू नका. पाणी तीन वाजताच तापून बसेल आणि उठेपर्यंत उष्णता सोडत राहील. मी टायमर पहाटे 4 ते सकाळी 7:15 असा लावलाय. शेवटची पंधरा मिनिटं घड्याळांच्या चुकीसाठी सोडली आहेत. आम्ही पावणेसातला आंघोळी सुरू करतो आणि हीटर तेव्हाही चालूच असतो, हे मुद्दाम. टाकीत येणारं थंड पाणी शेवटच्या अर्ध्या तासात स्वस्त दरातच तापायला लागतं आणि संध्याकाळच्या भांड्यांना पुरतं. वेळ थोडी जास्त दिली तरी बिघडत नाही, थर्मोस्टॅट आपोआप थांबवतो.

समजा दिवसाचा दर 30 पेन्स आणि रात्रीचा 15. साडेसात युनिटं दिवसा तापवली तर सव्वादोन पाउंड. रात्री साडेसहा आणि बूस्टवर एक तापवलं तर 1.28 पाउंड. महिन्याला सुमारे 29 पाउंडांचा फरक. तुमच्या बिलावरचे भाव घालून हे करून पाहा. पण उलट बाजूही बघा: साधा एकच भाव 26 पेन्स मिळत असेल, तर या आकड्यांनुसार घरातली एकूण वीज किमान 27 टक्के रात्री वापरली गेली तरच दोन भावांचा दर परवडतो.

थर्मोस्टॅट 60 अंशांवरच ठेवा. पैसे वाचवायला पन्नासवर आणण्याचा मोह होतो, पण कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात. त्याहून वर नेलं तर लंडनसारख्या जड पाण्याच्या भागात हीटरवर क्षार लवकर साचतात. हा स्क्रू हीटरच्या झाकणाखाली, उघड्या विजेच्या जोडण्यांशेजारी असतो. झाकण काढायच्या आधी मुख्य स्विचबोर्डातून त्याची लाइन बंद करा, किंवा सरळ घरमालकाला इलेक्ट्रिशियन पाठवायला सांगा.

टायमर नसेल तर दिव्यासाठी मिळणारा प्लगचा टायमर लावू नका. 3 किलोवॅट म्हणजे सुमारे 13 अँपिअर, तेही तासन्‌तास. प्लग तापून वितळू शकतो. इमर्शनसाठी बनवलेला, भिंतीवर कायम जोडलेला टायमर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

लावून झालं की आठवडाभर रोज रात्री दोन्ही आकडे टिपा. दिवसाचा आकडा स्वयंपाक-दिव्यांच्या मानाने फार पळत असेल तर बूस्ट चालू राहिलाय किंवा टायमरचं घड्याळ चुकलंय. वीज जाऊन आल्यावर चकतीचे टायमर तेवढेच मागे पडतात. सकाळी पाणी कोमट आणि रात्रीचा आकडा जेमतेम सरकलेला असेल तर तळाचा हीटर जळालाय किंवा थर्मोस्टॅटचं सुरक्षा बटण उडालंय. ते एकदा दाबून पाहता येतं, तेही लाइन बंद करूनच. पुन्हा उडालं तर दाबत बसू नका. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर पाणी उकळीपर्यंत जाऊ शकतं.