सातबाऱ्यातला 'खराबा' हिंदीत समजावताना

हिंदी भाषक खरेदीदाराला सातबारा समजावताना अडचण अनोळखी शब्दांची होत नाही, ओळखीच्या शब्दांची होते. 'खराबा' वाचला की उत्तरेकडच्या माणसाला पिकाचं नुकसान आठवतं. 'जिरायत' म्हणजे उर्दूतलं 'ज़राअत', कुठलीही शेती. आपल्याकडे मात्र फक्त पावसावरची. म्हणून मी शब्दाला शब्द देणं सोडलं आणि प्रत्येक नोंदीचा परिणाम हिंदीत लिहू लागलो.

समजा, क्षेत्र असं आहे: जिरायत 1 हेक्टर 80 आर, पोटखराबा वर्ग अ 20 आर, वर्ग ब 10 आर. एकूण 2 हेक्टर 10 आर. मी लिहितो: "1 हेक्टर 80 आर में खेती होती है, बारिश के भरोसे। 20 आर पथरीली या नाले वाली ज़मीन है, खेती लायक नहीं मानी गई। 10 आर रास्ते या पानी के बहाव जैसे सार्वजनिक काम की है, इसे अपनी खेती में मत गिनिए।"

गफलत होते ती या शेवटच्या 10 आरमध्ये, म्हणजे 1,000 चौरस मीटरमध्ये. भाव एकूण क्षेत्रावर ठरतो आणि मोजणीनंतर तिथे वहिवाटीचा रस्ता निघतो. म्हणून दर ठरण्याआधीच गटाचा नकाशा शेजारी ठेवून तो तुकडा बोटाने दाखवावा.

'नजराणा' तर हमखास चुकतो. हिंदीत ती भेट, कधी लाचसुद्धा! तिथे मी सरळ लिहितो: "वर्ग 2 की ज़मीन बेचने की इजाज़त के लिए सरकार को भरी जाने वाली रकम।"